गॅसच्या टेम्पोसाठी ड्रायव्हर: एका मुलाखतीचं प्रकरण

जागा एकच होती. पुण्याच्या दक्षिणेकडे, नऱ्हे भागात गोडाऊन असलेली घरगुती गॅसची एजन्सी आणि तिच्या छोट्या टेम्पोसाठी ड्रायव्हर. दत्तनगर, आंबेगाव पठार, धनकवडी, कात्रज इथल्या घरांपर्यंत सिलिंडर पोचवायचे, सोबत एक हेल्पर. हे प्रकरण अशा मुलाखतींत नेहमी काय घडतं त्यावरून रचलं आहे, ते कोणा एका एजन्सीचं किंवा माणसाचं नाही. उमेदवार ३४ वर्षांचा. सात वर्षं कुरिअरचा आणि मग किराणा मालाचा टेम्पो चालवलेला, एकही मोठा अपघात नाही, बोलण्यात नम्र. अशा माणसाला दहा मिनिटांत 'उद्यापासून या' म्हणायचा मोह होतो. इथे मुलाखत दीड तास चालली. घेणाऱ्या दोघी-तिघी नव्हत्या, एक मॅनेजर मॅडम आणि गोडाऊन सांभाळणारे काका एवढेच.

लायसन्स: कार्ड नव्हे, स्क्रीन

उमेदवाराने कार्ड पुढे केलं. त्यावर एलएमव्ही म्हणजे हलक्या मोटार वाहनाची नोंद होती, ट्रान्सपोर्टचीही होती. बहुतेक ठिकाणी तपासणी इथेच संपते, झेरॉक्स फाइलला लागते. मॅडमनी मात्र कार्डावरचा नंबर आणि जन्मतारीख घेऊन परिवहनच्या वेबसाइटवर लायसन्सची स्थिती उघडली. तिथे वैधतेच्या दोन ओळी दिसतात: `Non-Transport` आणि `Transport`. दोन्हींच्या तारखा वेगळ्या असतात, कारण खासगी वाहनाचं लायसन्स वयानुसार लांब मुदतीचं मिळतं आणि ट्रान्सपोर्टचं ५ वर्षांचं. कार्डावरची लांबची तारीख बघून 'अजून दहा वर्षं आहेत' असं समजणारे ड्रायव्हर पुष्कळ भेटतात. या उमेदवाराचं ट्रान्सपोर्ट चालू होतं, अजून दीड वर्ष बाकी.

पण त्याच पानावर आणखी एक ओळ असते, `Hazardous Valid Till`. तिच्यापुढे `NA`.

मॅडमनी विचारलं, "हे काय आहे, माहिती आहे?"

"नाही मॅडम. पण आता एलएमव्हीवर साडेसात टनांपर्यंत कुठलीही गाडी चालते. सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय."

हे उत्तर अर्धं बरोबर आहे आणि घोळ त्या अर्ध्यातूनच होतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने म्हटलं की ७,५०० किलोपेक्षा कमी एकूण वजनाची मालवाहू गाडी एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते, त्यासाठी वेगळी ट्रान्सपोर्टची नोंद लागत नाही. पण धोकादायक माल नेणाऱ्या गाड्यांना आणि ई-रिक्षांसारख्या वाहनांना लागू असलेल्या खास अटी त्याच निकालाने तशाच ठेवल्या. एलपीजी हा धोकादायक माल आहे. गाडी छोटी असली तरी मालाचा नियम बदलत नाही.

तो नियम म्हणजे केंद्रीय मोटार वाहन नियमावलीतला नियम ९. धोकादायक माल नेणाऱ्या ड्रायव्हरला राज्य सरकारने मान्यता दिलेल्या संस्थेत ३ दिवसांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता येणं ही अटही त्यात आहे. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र घेऊन आरटीओत अर्ज केला की लायसन्सवर तशी नोंद चढते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिची मुदत ३ वर्षं आहे.

नोंद नसताना किल्ली दिली तर काय होतं? पहिले सहा महिने काहीच होत नाही, आणि म्हणून ही चूक टिकते. पोलीस कार्ड बघतात, ट्रान्सपोर्ट दिसतं, सोडून देतात. फरक अपघाताच्या दिवशी कळतो. विमा कंपनी आधी लायसन्सची तपासणी करते. गाडी आणि माल यांना लागणारी नोंद ड्रायव्हरकडे नव्हती असं निघालं, तर जखमी माणसाला कंपनीने भरपाई दिली तरी ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याचा मार्ग तिला मोकळा होतो. मालकाने गाडी योग्य लायसन्स नसलेल्याच्या हाती दिली हा वेगळा गुन्हाही उभा राहतो. ड्रायव्हरचा अनुभव कितीही असो, कागदावर तो त्या मालासाठी ड्रायव्हर नसतोच.

उमेदवाराने हे लपवलं नव्हतं, त्याला ठाऊकच नव्हतं. मुलाखतीत हा भेद करावा लागतो. 'माहीत नाही' असं सांगणाऱ्याला शिकवता येतं. मॅडमनी शेजारच्या कागदावर 'नोंद नाही, सांगितल्यावर मान्य' एवढंच लिहिलं आणि पुढे गेल्या. अर्ज करणाऱ्यांनी यातून एक गोष्ट उचलावी: मुलाखतीला जाण्याआधी आपलं लायसन्स स्वतः स्क्रीनवर उघडून बघावं. तारखा तोंडपाठ असलेला माणूस समोरच्याला लगेच कळतो.

गाडीत किती सिलिंडर?

पुढचा प्रश्न गाडीजवळ उभं राहून विचारला गेला. टेम्पोचा मागचा भाग जाळीचा, चारही बाजूंनी हवा खेळती. एलपीजी हवेपेक्षा जड असते, गळती झाली तर वर न जाता खाली साचते. म्हणून बंद बॉडीच्या गाडीत ती कोंडते आणि जाळीच्या गाडीत पसरून विरते.

"भरलेले किती नेणार एका फेरीत?"

"पस्तीस तर आरामात बसतात."

बसतात, हे खरं. पण प्रश्न जागेचा नव्हता. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या सिलिंडरचं वजन साधारण १५ ते १६ किलो, म्हणजे भरलेला जवळजवळ ३० किलोचा. मॅडमनी गाडीचं आरसी त्याच्या हातात दिलं. रिकाम्या गाडीचं वजन ८४० किलो, भरलेल्या गाडीचं कमाल वजन १,५५० किलो. मधले ७१० किलो. त्यातून ड्रायव्हर आणि हेल्पर यांचे मिळून १४० वजा केले की ५७० उरतात. भागिले ३०. एकोणीस.

उमेदवार थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे दोन फेऱ्यांचं काम चारमध्ये." हे वाक्य मॅडमना आवडलं, कारण त्याने हिशेब नाकारला नाही, त्याचा परिणाम मोजला. जे उमेदवार इथे 'मॅडम, सगळे नेतात' म्हणतात, त्यांच्याशी वाद घालू नये, पण उत्तर जसंच्या तसं लिहून ठेवावं.

वजनाचा संबंध दंडाशी आहेच, पण या भागात तो उताराशी जास्त आहे. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत महामार्ग उतरत जातो. नोव्हेंबर २०२२ मध्ये याच पट्ट्यात एका ट्रकने अनेक गाड्यांना धडक दिली होती. त्यामुळे पुढचा प्रश्न ठरलेलाच: "या उतारावर गाडी न्यूट्रलला टाकता का?"

"डिझेल वाचतं म्हणून आमचे आधीचे शेठ सांगायचे टाकायला," तो म्हणाला. "मी टाकायचो नाही. एकदा टाकली होती, ब्रेक जड लागला."

जड लागला तो याच कारणाने: गियरमध्ये असताना इंजिन गाडीला मागे ओढतं, न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापलेल्या ब्रेकची पकड सुटते. त्यात कोणी इंजिनच बंद केलं तर ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदतही दोन-चार दाबांत संपते आणि पेडल दगडासारखं होतं. या उमेदवाराला व्हॅक्यूम हा शब्द माहीत नव्हता, पण पायाला काय जाणवतं ते त्याने नेमकं सांगितलं. 'मी कधीच करत नाही' या घोटीव उत्तरापेक्षा 'एकदा केलं, असं झालं' हे उत्तर जास्त भरवशाचं. चढ ज्या गियरमध्ये चढाल, त्याच गियरमध्ये उतरा, हा ड्रायव्हर मंडळींचा जुना हिशेब त्याने स्वतःहून सांगितला.

मग काकांनी एक भरलेला सिलिंडर गाडीत आडवा ठेवला आणि बाजूला उभे राहिले. काही बोलले नाहीत. उमेदवाराने आधी गाडीचे टायर बघितले, मग फायर एक्स्टिंग्विशरच्या मीटरचा काटा हिरव्यात आहे का ते बघितलं, आणि फिरून मागे आल्यावर सिलिंडर उभा केला. का उभा केला, हे विचारल्यावर "आडवा लोळतो" म्हणाला. कारण अपुरं होतं. सिलिंडर उभा असताना वरच्या व्हॉल्व्हशी गॅस असतो, आडवा झाला की तिथे द्रव येऊ शकतो. द्रव बाहेर पडला तर त्याचा सुमारे अडीचशेपट गॅस होतो, त्यामुळे तेवढ्याच भोकातून होणारी गळती कितीतरी मोठी ठरते. हे प्रशिक्षणात कळेल. सवय मात्र त्याच्या हातात आधीपासून होती.

तपासणीत एक गोष्ट सुटली. सिलिंडरच्या वरच्या कड्याजवळच्या पट्टीवर इंग्रजी अक्षर आणि वर्ष रंगवलेलं असतं: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. त्या तिमाहीपर्यंत सिलिंडरची पुढची चाचणी व्हायला हवी. काकांनी निवडलेल्या सिलिंडरवरची तिमाही उलटून गेली होती. असा सिलिंडर ग्राहकाकडे न देता बाजूला काढून गोडाऊनला परत लावायचा असतो. उमेदवाराने पट्टीकडे बघितलंच नाही. किराण्याच्या टेम्पोत अशी पट्टी नसते, म्हणून याचे गुण कापले नाहीत.

सहा चिठ्ठ्या

रस्त्यांच्या माहितीसाठी 'अमुक चौकातून तमुक चौकात कसं जाल' असं विचारण्यात फार अर्थ राहिलेला नाही. नकाशा सगळ्यांच्या खिशात आहे. मॅडमनी सहा पत्त्यांच्या चिठ्ठ्या टेबलावर टाकल्या आणि सांगितलं, क्रम लावा. दोन दत्तनगरचे, दोन आंबेगाव पठारचे, एक धनकवडीचा, एक कात्रज चौकाजवळचा.

त्याने अंतराप्रमाणे लावायला सुरुवात केली, मग थांबला आणि पठारच्या दोन चिठ्ठ्या उचलून मागे ठेवल्या. कारण विचारल्यावर म्हणाला, तिकडे चढ आहे, आधी सपाटीवर माल उतरवला तर गाडी हलकी होऊन चढेल. हिशेबही बरोबर बसतो. भरलेला देऊन रिकामा घेतला की गाडी दर घरामागे १४ किलोंनी हलकी होते. दहा घरं झाली की जवळपास दोन हेल्परांइतकं वजन उतरलेलं असतं.

मात्र त्याने कात्रज चौक दुपारी दीडला ठेवला. तो पत्ता नोकरदार जोडप्याचा होता, चिठ्ठीवर 'सकाळी ९ च्या आत' असं पेनाने लिहिलेलं. त्याने ते वाचलं नव्हतं. कुलूप लागलेल्या दारापर्यंतची फेरी फुकट जाते, सिलिंडर परत येतो, आणि फोनवरची बोलणी एजन्सीला खावी लागतात. चिठ्ठी दाखवल्यावर त्याने क्रम बदलला आणि विचारलं, "सकाळी चौकात गर्दी असते. सव्वाआठला गोडाऊन उघडतं का?" उघडत नव्हतं. ही अडचण एजन्सीचीच निघाली.

शेवटच्या चिठ्ठीवर पत्ता होता 'गणपती मंदिराच्या मागे, दुसरी गल्ली'. त्या परिसरात असा पत्ता म्हणजे काहीच नाही. कित्येक उमेदवार 'विचारत विचारत जाईन' म्हणतात. हा म्हणाला, "यांचा मोबाइल नंबर द्या, निघण्याआधी फोन करतो. गल्ली किती रुंद आहे तेही विचारतो, नाहीतर रिव्हर्समध्ये बाहेर यावं लागेल." भरलेल्या गाडीने अरुंद, उतरत्या गल्लीत रिव्हर्स घेणं हे या कामातलं सगळ्यात वाईट पाच मिनिटांचं काम. नकाशा तिथपर्यंत नेऊन सोडतो, गाडी वळेल की नाही हे सांगत नाही. चढावर गाडी उभी करताना हँडब्रेकबरोबर पहिला गियर, उतारावर तोंड असेल तर रिव्हर्स, आणि चाकाखाली ठोकळा, हे त्याने न विचारता जोडलं.

"वजन कमी आहे तुमचं"

ग्राहकाचा भाग काकांनी केला, आणि ते अशी माणसं रोज बघत असल्याने त्यांना नाटक करावं लागलं नाही.

पहिला प्रसंग वजनाचा. काका म्हणाले, "मागच्या वेळी पंधरा दिवसांत संपला. तुम्ही लोक गॅस काढून घेता. मोजून दाखव."

उमेदवार चिडला नाही. गाडीतला काटा काढला, सिलिंडर अडकवला. सिलिंडरवर रिकामं वजन १५.४ किलो लिहिलेलं, त्यात १४.२ मिळवून २९.६ व्हायला हवं. काटा २९.३ दाखवत होता. तो गोंधळला. "कमीच आहे," म्हणाला.

काट्याची सुई मॅडमनी आधीच शून्याच्या थोडी खाली आणून ठेवली होती. सिलिंडर अडकवण्याआधी रिकामा काटा शून्यावर आहे का, ते ग्राहकाला दाखवायचं असतं, नाहीतर मोजून दाखवण्याला काही अर्थ नाही. सुई ठीक केल्यावर वजन बरोबर भरलं. खरंच कमी भरलं असतं, तर तो सिलिंडर तिथे ठेवायचाच नाही. गाडीतला दुसरा मोजून द्यायचा, पहिला खूण करून परत आणायचा. 'थोडं इकडेतिकडे चालतं' म्हणून भांडण मिटवणाऱ्या ड्रायव्हरबद्दल दुसऱ्या दिवशी तक्रार येते, आणि ती रास्त असते.

दुसरा प्रसंग डिलिव्हरीच्या वेळी ग्राहकाने सांगायच्या कोडचा. "कोड मुलाच्या मोबाइलवर आलाय, तो ऑफिसला. तू ठेव सिलिंडर, संध्याकाळी सांगतो."

हा प्रसंग चिडका नाही, गोड आहे, म्हणून जास्त अवघड. ग्राहक आजोबा आहेत, चहा विचारतात, खोटं बोलत नाहीत. पण कोडशिवाय दिलेला सिलिंडर हिशेबात उघडाच राहतो आणि संध्याकाळी मुलगा फोन उचलत नाही. उमेदवार म्हणाला, "आजोबा, मुलाला आत्ता फोन लावा, मी बोलतो. दोन मिनिटं थांबतो." आणि नाहीच लागला तर? "शेजारची दोन घरं करून परत येतो. तोवर बघा." अगदी बरोबर उत्तर. नकार दिला, पण दार बंद केलं नाही.

तिसऱ्या प्रसंगात काका चौथ्या मजल्यावरच्या काकू झाले: "वर आणलास त्याचे किती?" उमेदवार सहज म्हणाला, "काकू, तुम्ही द्याल ते." इथे मॅडमनी थांबवलं. बिलाच्या रकमेत घरपोच देण्याचा खर्च धरलेला असतो, मजल्याचे वेगळे पैसे नाहीत. 'द्याल ते' हेसुद्धा मागणंच आहे. काकू वीस रुपये देतात आणि मग तक्रार पन्नासची करतात. उत्तर एवढंच: "बिलाइतकेच." उमेदवाराने डोकं खाजवलं. किराणा पोचवताना हे पैसे त्याची कमाई होती, त्यामुळे त्याचा पुढचा प्रश्न अगदी स्वाभाविक होता: मग पगारात त्याची भर किती? तो प्रश्न टाळायचा नसतो. मॅडमनी आकडा सांगितला. पगार कमी ठेवून ड्रायव्हरने हात पसरू नये अशी अपेक्षा ठेवणारी एजन्सी स्वतःच तक्रारी पेरते.

शेवटचा प्रसंग भांडणाचा नव्हता. दारात पोचल्यावर आतून वास येतोय, बाई घाबरून लाइट लावायला निघाल्यात. उमेदवार तत्काळ म्हणाला, "बटणाला हात लावू नका, चालूही नको आणि बंदही नको." पुढचा क्रमही नीट: रेग्युलेटर बंद करून काढायचा, सिलिंडरवर सेफ्टी कॅप बसवायची, खिडक्या-दारं उघडायची, माणसं बाहेर. १९०६ हा गॅस गळतीचा हेल्पलाइन नंबर त्याला आठवला नाही. तो टेम्पोच्या दारावरच लिहिलेला होता, मघाशी टायर बघताना तो तिथूनच गेला होता.

निर्णय

निवड झाली, पण किल्ली मिळाली नाही. ठरलं ते असं: प्रशिक्षण आणि आरटीओतली नोंद होईपर्यंत तो दुसऱ्या टेम्पोवर हेल्पर म्हणून जाईल, गाडी एकदाही चालवणार नाही, अगदी गोडाऊनच्या फाटकातून बाहेर काढण्यापुरतीही नाही. पगार ड्रायव्हरचा नाही, हेल्परचाही नाही, मधला. प्रशिक्षणाची फी एजन्सी भरेल. सहा महिन्यांच्या आत सोडून गेला तर ती परत द्यायची, हे त्याच्या समोर मराठीत लिहून त्याची सही घेतली.

नेमणुकीच्या कागदावर मॅडमनी शेवटी एक ओळ जोडली: किल्ली देण्याच्या दिवशी लायसन्स पुन्हा स्क्रीनवर उघडायचं, आणि `Hazardous Valid Till` पुढची तारीख रजिस्टरमध्ये लिहायची. काकांनी आपली एक ओळ तोंडी सांगितली, की त्याच दिवशी गोडाऊनही आठला उघडलं पाहिजे. ती कागदावर आली नाही.